अठ्ठावीस पानांची दोन पानं

मिक्सरबरोबर येणारं माहितीपत्रक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेला माणूस अजून कुणी पाहिलेला नाही. पण ते पत्रक लिहिणारं कुणीतरी असतंच की. आमच्या ताईंनी अकरा वर्षं तेच केलं. मिक्सर, इस्त्री, पंखा, पाणी तापवायचा बंब, सगळ्यांची पत्रकं त्यांच्या हातून गेली. ‘पातं फिरत असताना भांड्यात हात घालू नये’ हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा लिहिलं की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवतील. आणि एके दिवशी त्यांच्या थोरल्या जाऊबाईंनी नेमका तसाच हात घातला. बोटाला चार टाके पडले. ताई म्हणाल्या, अहो, मीच लिहिलं होतं, पान नऊवर. जाऊबाई बोटाला फडकं गुंडाळत म्हणाल्या, पान नऊवर कोण मरायला जातंय? घरातले सगळे हसले. ताई हसल्या नाहीत. आपण अकरा वर्षं लिहीत होतो, पण कुणाला सांगत मात्र नव्हतो, हे त्यांच्या डोक्यात त्या दिवशी जे शिरलं ते काही निघालं नाही.

म्हणून मोठ्या दवाखान्यातल्या संशोधन विभागाला ‘संमतिपत्रं सोप्या भाषेत आणणारी व्यक्ती’ हवी आहे असं कळल्यावर त्यांनी अर्ज टाकला. नवं औषध बाजारात येण्याआधी ते माणसांवर तपासून पाहतात. त्यात भाग घेणाऱ्याची आधी लेखी संमती लागते. त्या संमतीचा कागद म्हणजे अठ्ठावीस पानं. लिहिलेली वकिलांनी, तपासलेली डॉक्टरांनी, आणि वाचायची कुणी, तर ज्याला चष्मा घरी विसरायची सवय आहे अशा घाबरलेल्या माणसाने. ताईंचं काम त्या अठ्ठावीस पानांची दोन पानं करायचं. मूळ कागद द्यायचाच, तो काही चुकत नाही. पण त्याच्या वर ही दोन पानं. दवाखान्यात त्यांचं नाव पडलं गाळणीताई. त्यांनाही ते आवडायचं. वरकरणी रागावल्यासारखं करायच्या, एवढंच.

त्यांची खोली तिसऱ्या मजल्याच्या अगदी टोकाला. एका बाजूला रक्ताचे नमुने ठेवायचा फ्रीज सारखा घुरघुरतो, दुसऱ्या बाजूला वजनकाटा, आणि मधे टेबल. टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकसारख्या उंचीच्या खुर्च्या. त्या खुर्च्यांसाठी ताईंनी सामान खात्याशी सात महिने भांडण मांडलं होतं. समोरचा माणूस ठेंगण्या स्टुलावर बसला की कशालाही हो म्हणतो, असं त्यांचं म्हणणं. आणि यात काही खोटं नाही.

काम करायची त्यांची एक रीत होती. दोन पानं शांतपणे वाचून दाखवायची. मग कागद पालथा घालायचा आणि म्हणायचं, आता तुम्ही मला सांगा. मी तुमची सून आहे असं समजा, घरी गेल्यावर मला काय सांगाल? माणूस आपल्या शब्दांत सांगायला लागला की ताई एका यादीवर खुणा करत जायच्या. कशासाठी चाललंय, काय धोका आहे, काय पाळायचंय, काय झालं तर कुणाला फोन करायचा, सोडायचं असेल तर काय. जिथे अडखळेल तिथे पुन्हा वाचायचं. आणि त्याच दिवशी सही कधीच घ्यायची नाही. कागद घरी न्या, भांडा, विचार करा, मग या. डॉक्टर कधीकधी वैतागायचे. ताई बधायच्या नाहीत.

लिहिण्याचेही त्यांचे दोन नियम. पहिला, एका वाक्यात एकच गोष्ट. दुसरा, हक्काच्या वाक्याला शेपूट लावायचं नाही. मूळ कागदात वकील लोक काय करतात, उजव्या हाताने देतात आणि डाव्या हाताने काढून घेतात. तुम्हाला अमुक करता येईल, परंतु. तुम्हाला तमुक मिळेल, तथापि. असल्या शेपटांची ताईंना मनापासून चीड होती. बाहेर पडायचा हक्क म्हणजे हक्क, त्याच्यापुढे पूर्णविराम, असं त्या ठणकावून सांगायच्या. म्हणून त्यांच्या दुसऱ्या पानावर, वर, ठळक अक्षरांत एवढंच असायचं: ‘या चाचणीतून तुम्ही केव्हाही बाहेर पडू शकता. कारण सांगावं लागत नाही. कुणाची परवानगी लागत नाही. तुमचे नेहमीचे उपचार थांबणार नाहीत.’ तो परिच्छेद वाचताना त्यांचा आवाज जरा चढायचा.

तर त्या वर्षी हातांच्या कंपावरच्या एका नव्या गोळीची चाचणी आली. काही माणसांचे हात काम करताना थरथरतात. कप धरला की चहा सांडतो, सही केली की बँक परत पाठवते. सहा महिने रोज दोन गोळ्या. निम्म्या लोकांना खरं औषध आणि निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कुणाला कुठली, ते ना घेणाऱ्याला माहीत, ना देणाऱ्याला. धोके म्हणजे झोप येणं, चक्कर येणं, तोल जाणं. म्हणून पाळायच्या गोष्टींत गाडी चालवायची नाही, उंचावर चढायचं नाही. आणि गोळी मधेच एकदम बंद करायची नाही, कारण शरीराला तिची सवय लागलेली असली तर झटके येऊ शकतात.

पेंटरकाका या चाचणीतले नववे. वय त्रेसष्ट. उभा जन्म पाट्या रंगवण्यात गेला. गावातली निम्मी दुकानं त्यांच्या अक्षराने ओळखू यायची, आणि गेली तीन वर्षं तेच अक्षर हलायला लागलं होतं. सरळ रेघ ओढायला गेलं की तिला लाटा फुटायच्या. लोक तोंडावर काही म्हणत नव्हते, पण काम छापील पाट्यांकडे वळत होतं. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, त्यांना जवळजवळ ओढूनच आणलं होतं. काकू खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या, पिशवी मांडीवर, आणि काकांनी तोंड उघडलं की त्यांच्याआधी उत्तर द्यायला तयार.

ताईंनी वाचलं. कागद पालथा घातला. आणि काकांनी असं काही सांगितलं की ताईंचा जीव सुपाएवढा झाला. शिडीवर चढायचं नाही, ते म्हणाले, म्हणजे सहा महिने खालच्याच पाट्या, नंबरप्लेटा आणि टपऱ्यांची फळकुटं. गोळी चुकवायची नाही, मधेच बंद करायची नाही. गरगरलं तर या नंबरावर फोन. आपल्याला गोळी खरी मिळेल की खोटी, ते देवालाच ठाऊक. आणि शेवटी, “नको झालं की सोडायचं. कुणाला विचारायचं नाही, कुणाला कारण द्यायचं नाही. बरोबर?” ताईंनी पाचही खुणा केल्या. पाचव्या खुणेला पेन जरा जोरातच दाबलं गेलं. आठवड्याने काका सही करून गेले. सहीला लाटा होत्या, पण होती ऐटबाज.

त्यानंतर दहा आठवडे काका दर पंधरवड्याला येऊन तपासून घेऊन गेले. डॉक्टर त्यांना वर्तुळ काढायला लावायचे, पाण्याचा पेला धरायला लावायचे. काका बोलायचे कमी. कधी बाकावर बसल्याबसल्या डुलकी लागलेली असायची. ताई दिसल्या की मान हलवायचे, बस.

अकराव्या आठवड्यात एक निवृत्त शाळामास्तरीण आल्या. आयुष्यभर दुसऱ्यांची उत्तरं तपासलेली बाई. पालथ्या कागदाची गंमत त्यांना फारच आवडली. सगळं धडाधडा सांगितलं आणि सोडण्याच्या मुद्द्यावर आल्या. म्हणाल्या, “ते तर सगळ्यात सोपं. कंटाळा आला की डबी कचऱ्यात टाकायची आणि मोकळं व्हायचं.”

ताईंनी सवयीने खूण करायला पेन टेकवलं. आणि ते तिथेच राहिलं. त्यांनी विचारलं, मग गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत त्याचं काय? मास्तरीणबाई जराशा चिडूनच म्हणाल्या, ते चाचणीत असताना. मी सोडल्यावर चाचणीचे नियम मला कशाला लागू होतील?

उत्तर तर्काला धरून होतं. त्यात चूक काढायला जागाच नव्हती. ताईंनी पालथा कागद सुलटा केला. गोळ्या एकदम बंद करू नका, हे पहिल्या पानावर, ‘तुम्ही काय पाळायचं’ या मथळ्याखाली सातवी ओळ. केव्हाही बाहेर पडा, हे दुसऱ्या पानावर, एकटं, ठळक, मोठ्या दिमाखात. मधे पान उलटायचं. मग त्यांनी मूळ संमतिपत्राचं सतरावं पान काढलं. तिथे दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात होत्या: तुम्ही केव्हाही बाहेर पडू शकता, तथापि गोळ्या थांबवण्याआधी चाचणीच्या डॉक्टरांना कळवावे, त्या हळूहळू कमी कराव्या लागतील. त्या रटाळ, लांबलचक, वकिली वाक्याने एक काम चोख केलं होतं. ताईंनी त्याचं शेपूट कापलं होतं आणि लांब नेऊन दुसऱ्या मथळ्याखाली पुरलं होतं. चाचण्यांवर नजर ठेवणाऱ्या नैतिकता समितीच्या सात माणसांनी तो दोन पानी गोषवारा वाचून मंजूर केला होता. वाचायला छान आहे, असा शेराही आला होता.

मास्तरीणबाईंना ताईंनी खरं काय ते सांगितलं, आज कागद देत नाही म्हणाल्या, आणि तडक डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. डॉक्टर तसे भले माणूस, पण घाईचे. त्यांनी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली, पाहिली, आणि त्यांचाही चेहरा उतरला. गोषवारा बदलायचा तर समितीची नवी मंजुरी लागेल, तोवर नवी भरती बंद. पण जिवाचा प्रश्न असला की आधी सांगायचं आणि मग समितीला कळवायचं, हे ठरलेलंच आहे. ताईंच्या हातचा कागद चौदा जणांच्या घरी होता. विभागातल्या सिस्टर आणि ताई फोन घेऊन बसल्या. दीड तासात तेरा जणांशी बोलून झालं. सगळे गोळ्या घेत होते. त्यातल्या चौघांनी, सोडायचं झालं तर कसं सोडाल असं विचारल्यावर, अगदी मास्तरीणबाईंसारखंच उत्तर दिलं.

राहिले पेंटरकाका. फोन काकूंनी उचलला. काका मोबाईल घरी टाकून कामाला गेले होते. आणि गोळ्या? काकू जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, त्यांनी सोडल्या हो, चार दिवस झाले. डबी देवळीत ठेवलीय, पुढच्या खेपेला परत करायला म्हणून. काही चुकलं का? तुम्हीच म्हणाला होतात ना, विचारावं लागत नाही.

काम कुठे आहे, एवढंच ताईंनी विचारलं. मुलींच्या शाळेच्या भिंतीवर, काकू म्हणाल्या, समोरच्या बाजूला, नाव लिहायचं मोठं. आणि मग स्वतःशीच म्हणावं तसं, आता चढायला मोकळे झाले म्हणून खूश आहेत बिचारे.

डॉक्टर म्हणाले, लगेच आणा त्यांना, मी खाट तयार ठेवतो. ताई जिने उतरताना दोनदा ठेचकाळल्या. रिक्षात बसल्यावर त्यांना रडू यायला लागलं आणि त्यांनी ते गिळलं, कारण रडत गेलेलं माणूस बघून शिडीवरचा माणूस दचकतो, एवढं भान होतं.

शाळेची भिंत दुरूनच दिसली. लोखंडी शिडी, आणि तिच्या वरून तिसऱ्या पायरीवर काका. एका हातात डबा, दुसऱ्यात ब्रश. खाली फरसबंदी. मधली सुटी संपून शाळा पुन्हा भरलेली, अंगण रिकामं. ताईंना ओरडावंसं वाटत होतं. त्या ओरडल्या नाहीत. शिडीपाशी गेल्या, दोन्ही हातांनी ती घट्ट धरली, आणि मग नेहमीच्या आवाजात हाक मारली.

“काका, जरा खाली येता का?”

काकांनी वाकून पाहिलं. ओळखलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. एवढी ओळ पुरी करतो, म्हणाले. ओळ राहू द्या, ताई म्हणाल्या, आत्ता या. काका तिथेच थांबले. त्यांना वाटायचं ते वाटलं: धरून न्यायला आल्या. सही केली ती केली, आता कसला सोडतायत.

“ताई, मी सोडलं ते. विचारायचं नाही, कारण द्यायचं नाही, हे तुमच्याच तोंडचे शब्द.”

“हो, माझेच. आणि ते खरे आहेत. तुम्ही बाहेर आहात. मी तुम्हाला परत न्यायला आलेली नाही.”

“मग?”

“मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. चाचणी सोडली तरी गोळी एकदम सोडायची नसते. शरीर सवयीचं झालेलं असतं, झटका येऊ शकतो. तो चार-पाच दिवसांनीही येतो. तुम्ही वर आहात म्हणून मला धडकी भरलीय. चूक माझी आहे, तुमची नाही.”

काका डोक्याने चांगलेच तल्लख. त्यांनी विचारलं, आणि माझी गोळी खोटी असेल तर? तर काहीही होणार नाही, ताई म्हणाल्या, आणि मी उगाच तुमचं काम मोडलं असं होईल. कुठली आहे ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. बहुधा त्या ‘माहीत नाही’नेच काम केलं. फसवायला आलेलं माणूस एवढं कबूल करत नाही. काकांनी ब्रश डब्यात ठेवला, डबा आकड्याला अडकवला आणि एकेक पायरी उतरायला लागले. त्यांचा पाय फरसबंदीवर टेकेपर्यंत ताईंनी शिडी सोडली नाही. मग तळव्यांकडे पाहिलं तर लोखंडाच्या कडा उमटल्या होत्या.

दवाखान्यात काकांना खाटेवर बसवलं, रक्त घेतलं, गोळी पुन्हा सुरू करून हळूहळू उतरवायची असं ठरलं. काकू आल्या. काकांचं म्हणणं एकच, मला काही झालेलं नाही, उन्हं आहेत तोवर जाऊन ओळ पुरी करू द्या. चार वाजून दहा मिनिटांनी, काकूंशी बोलता बोलता, त्यांचा शब्द मधेच थांबला. डोळे वर गेले आणि अंग ताठ झालं. सिस्टरने त्यांना कुशीवर वळवलं, डॉक्टर धावत आले, सुई दिली. जेमतेम दोन मिनिटं. काकूंना ती दोन मिनिटं कुणी मोजून दाखवली तरी पटणार नाहीत.

कुणाला कुठली गोळी ते सांगणारा, अशा वेळेसाठी राखून ठेवलेला सांकेतिक क्रमांक डॉक्टरांनी उघडला. गोळी खरी होती.

काका शुद्धीवर आले, ओळखायला लागले, मग झोपले. काकू बाहेर येऊन ताईंच्या शेजारी बाकावर बसल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर ताईंना सोपं गेलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, “ताई, ते या वेळेला शिडीवर असते.” ताई हो म्हणाल्या.

अशी घटना चोवीस तासांच्या आत वर कळवावी लागते: औषध बनवणाऱ्यांना, समितीला, सगळ्यांना. डॉक्टरांनी संध्याकाळी अहवाल लिहायला घेतला. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, सहभागी व्यक्तीने सूचनांचे पालन केले नाही. ताईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या की हे खोटं आहे. डॉक्टर दमलेले होते. ते म्हणाले, खोटं कसं? पहिल्या पानावर सूचना आहे. त्यांनी ती तुम्हाला परत सांगितलेली आहे. ही बघा तुमचीच खूण.

“ती खूण सांगितलेल्या वाक्याला आहे, डॉक्टर. सोडायचं म्हटल्यावर काय कराल, ते मी त्यांना विचारलंच नाही. त्यांनी प्रत्येक सूचना पाळली. बाहेर पडा म्हटलं, पडले. शिडी नियमात होती तोवर चढले नाहीत. एवढं तंतोतंत पाळणारा माणूस मला या खुर्चीत दुसरा भेटलेला नाही. हे असंच गेलं तर उद्या नवा कागद कशाला काढायचा? माणसंच वाईट म्हणायची आणि जुनाच चालवायचा.”

या रकान्यात काय जातं त्यावर डॉक्टरांच्या विभागाचं नाव अवलंबून होतं, आणि ताईंची नोकरीही. हे दोघांनाही माहीत होतं. शेवटी डॉक्टरांनी ती ओळ खोडली, खोडल्याची सही केली, आणि ताईंना म्हणाले, सांगा. ताईंनी सांगितलं: गोषवाऱ्यात बाहेर पडण्याचा हक्क आणि गोळ्या हळूहळू थांबवण्याची सूचना एकमेकांपासून वेगळे केले गेले, सहभागी व्यक्ती लिहिलेल्या अर्थाप्रमाणेच वागली, गोषवारा माझा. डॉक्टरांनी लिहिलं, आणि खाली आपल्या मनाने एक ओळ जोडली: तपासून मंजुरीस पाठवणारा मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई खाटेपाशी गेल्या. काका उशीला टेकून बसले होते. हात कधी नव्हे इतका थरथरत होता आणि तो लपवायला त्यांनी चादरीखाली घेतला होता. त्यांना रात्रीतून कुठूनतरी कळलं होतं की ताईंवर काहीतरी येणार आहे. दवाखान्यात भिंतींना नुसते कान नसतात, तोंडही असतं. ताई खुर्ची ओढून बसेपर्यंतही त्यांना धीर नव्हता.

“ताई, तुमच्यावर काही येणार असेल तर लिहून टाका, पेंटर परत आला म्हणून. घेतो मी गोळ्या. राहिलेत किती, साडेतीन महिने. कुठं करायला देतो मी सही, सांगा.”

इतकी वर्षं ताई लोकांना तो परिच्छेद वाचून दाखवत होत्या, आवाज चढवून, ऐटीत. कुणाची परवानगी लागत नाही. आणि हा माणूस, काल त्यांच्या वाक्यापायी मरता मरता वाचलेला, आज त्यांची कीव येऊन ते सगळं परत द्यायला निघाला होता. हो म्हणणं फार सोपं होतं. चाचणीला माणूस हवाच होता, झटका आला तरी तो स्वखुशीने परत आला, असं कागदावर किती बरं दिसलं असतं.

“नाही काका,” त्या म्हणाल्या. “तुम्ही बाहेर आहात. आता या उतरत्या गोळ्या देतायत त्या तुमच्या जिवासाठी, चाचणीसाठी नव्हेत. त्या संपल्या की संपलं. माझं मी बघेन. ते तुमचं काम नाही.”

“नक्की?”

“नक्की. आणि या वेळी मला सांगा बरं, गोळ्या कशा थांबवायच्या.”

काकांनी सांगितलं. आठवड्याला अर्धी कमी, आपल्या मनाने नाही, डॉक्टर सांगतील तशी. गरगरायला लागलं, डोकं भणभणलं, तर या नंबरावर. शेवटची गोळी संपल्यावरही महिनाभर शिडी नाही, मग मी चाचणीत असो नाहीतर नसो. ताईंनी ते ऐकलं, मग पुन्हा ऐकलं, आणि या खेपेला खूण करायची त्यांना घाई नव्हती.

काकू मधेच म्हणाल्या, यांनी सोडलं का ते सांगू का तुम्हाला? ताई म्हणाल्या, तुम्हा दोघांना सांगायचं असलं तर सांगा, नाहीतर नको. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. काकूंनी पिशवीतून गोळ्यांची डबी काढून ताईंच्या हातात दिली.

खोलीत परतल्यावर ताईंनी बाहेर पडल्याच्या नोंदीचा कागद घेतला. तारीख घातली, परत आलेल्या गोळ्यांचा आकडा घातला. खाली एक रकाना होता: बाहेर पडण्याचे कारण. तिथे त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘विचारले नाही’, आणि सही केली.